वळणात गाडी बाहेरच्या कडेकडे का जाते: कारणे आणि ती तपासण्याचा क्रम

वळणावळणाच्या रस्त्यावर नुकताच आत्मविश्वास येऊ लागलेल्या मोटरसायकल चालकांची एकच तक्रार मला पुन्हापुन्हा ऐकायला मिळते: वळणात शिरताना सगळे ठीक असते, पण वळणाच्या दुसऱ्या अर्ध्यात गाडी बाहेरच्या कडेकडे जाऊ लागते. वळणाच्या दिशेनुसार बाहेर समोरून येणाऱ्या वाहनांची लेन तरी असते किंवा रस्त्याची कड आणि तिच्यापलीकडचा उतार तरी असतो. म्हणून हा दोष सवयीचा झाला असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. बहुतेक जण त्याचे निदान ‘मला गाडी पुरेशी झुकवता येत नाही’ असे करतात. माझ्या अनुभवात हे निदान क्वचितच बरोबर असते. झुकाव कमी पडताना दिसतो खरा, पण तो का कमी पडला याचे उत्तर बहुधा वळण सुरू होण्याच्या काही मीटर आधी सापडते.

लक्षणे

पुढीलपैकी दोन किंवा तीन गोष्टी तुमच्या बाबतीत वारंवार घडत असतील, तर हे लेखन तुमच्यासाठी आहे.

- वळणाच्या मध्यानंतर गाडी लेनच्या बाहेरच्या रेषेकडे जाते आणि शेवटच्या क्षणी हँडल दाबून तिला आत आणावे लागते.
- एकच वळण एका सलग वक्रात न जाता तीन-चार तुकड्यांत जाते, म्हणजे थोडी झुकवली, थोडी सरळ केली, पुन्हा झुकवली असे होते.
- झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक लावताच गाडी उभी राहू पाहते आणि सरळ जाऊ लागते.
- वळण संपल्यावर लक्षात येते की तळहात दुखत आहेत, खांदे कानांपर्यंत चढले आहेत आणि श्वास रोखून धरला होता.
- वळणातून बाहेर आल्यावर आठवते ती फक्त बाहेरची कड किंवा खड्डा. रस्ता पुढे कुठे गेला होता ते आठवत नाही.

टायरच्या कडेला राहिलेली न घासलेली पट्टी मी या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. ती पट्टी रुंद आहे म्हणून चालक कच्चा, असा समज पसरलेला आहे. सार्वजनिक रस्त्यावर ती पट्टी राहणे हे स्वाभाविक आहे आणि ती पुसून काढण्याच्या नादात केलेल्या झुकावाचा दोष दूर करण्याशी काहीही संबंध नाही.

पहिली तपासणी: टायर

सर्वांत स्वस्त तपासणी हवेच्या दाबाची आहे आणि तरीही ती सर्वांत जास्त टाळली जाते. दाब थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी चालवण्याआधी मोजावा, कारण थोडे अंतर चालवल्यावर टायर तापतो आणि आकडा वाढलेला दिसतो. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि बहुधा चेन-कव्हरजवळ किंवा मागच्या स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवरही असतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा तुमच्या गाडीचा दाब नव्हे. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागते, गाडी वळायला नाखूश राहते आणि ब्रेक लावताच उभी राहण्याची ओढ वाढते. वर दिलेल्या लक्षणांपैकी दोन लक्षणे केवळ यामुळेच दिसू शकतात, म्हणून आपल्या कौशल्याला दोष देण्याआधी हे तपासून घ्यावे.

हवा बघताना मागच्या टायरवरून आडवा तळहातही फिरवावा. सरळ रस्त्यांवर बरेच चाललेल्या टायरचा मधला भाग सपाट होतो आणि त्या सपाटीच्या दोन्ही बाजूंना बोटाला जाणवेल इतकी धार तयार होते. अशी गाडी सुरुवातीला झुकायला विरोध करते आणि ती धार ओलांडताच एकदम पडल्यासारखी झुकते. चालकाला वाटते की आपला हात चुकला. प्रत्यक्षात टायर बदलायला झालेला असतो.

दुसरी तपासणी: हात

यालाही खर्च नाही. ओळखीच्या, सोप्या वळणावर सावकाश जाताना दोन्ही कोपर किंचित हलवून पाहावेत. ते हलत नसतील, म्हणजे हात ताठ असतील, तर वळणात आतले हँडल दाबण्याच्या प्रयत्नाला तुमचाच दुसरा हात विरोध करत असतो. साधारण वीस किलोमीटर प्रतितासाच्या वर मोटरसायकल वळते ती आतल्या बाजूचे हँडल पुढे दाबल्याने: डावीकडे जायचे तर डावे हँडल पुढे, उजवीकडे जायचे तर उजवे. दोन्ही हातांनी हँडल आवळून धरले की हा दाब अर्धवट पोहोचतो, गाडी अर्धवट झुकते आणि चालकाला वाटते की गाडीच याहून जास्त झुकत नाही.

उपाय असा की शरीराचा भार हातांवरून काढून मांड्यांवर आणि पायांवर घ्यावा. टाकी गुडघ्यांनी धरावी, पोट थोडे आत घ्यावे आणि हँडलवर फक्त बोटे टेकवल्याइतकी पकड ठेवावी. ज्यांची गाडी उजव्या वळणातच बाहेर जाते, त्यांनी उजवे मनगट विशेष पाहावे. उजवे हँडल पुढे दाबताना मनगट खाली वळले तर थ्रॉटल नकळत उघडतो. नेमका ज्या क्षणी वेग कमी हवा, त्याच क्षणी तो वाढतो.

तिसरी तपासणी: नजर

येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण या दोषाची सर्वाधिक प्रकरणे येथेच सुटतात. वळणात नजर जिथे खिळते तिकडे गाडी जाते, हे सर्वांनी ऐकलेले असते. पण ‘वळणाच्या पलीकडे पाहा’ एवढ्या सूचनेने काम होत नाही. नेमके काय पाहायचे, ते सांगावे लागते.

रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू शोधावा. वळणात शिरण्याच्या आधीपासून तुमची नजर त्या बिंदूवर असायला हवी. तो बिंदू तुमच्यापासून दूर पळत असेल तर वळण उघडत आहे आणि वेग तसाच ठेवता येतो. तो तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वळणाची त्रिज्या स्थिर आहे. तो जागीच थांबल्यासारखा वाटला किंवा तुमच्याकडे येऊ लागला, तर वळण आवळत आहे. त्याच क्षणी वेग कमी करायला हवा, झुकाव वाढवून बघत बसू नये. एवढी माहिती तो एकटा बिंदू देतो, आणि ती पुढचे चाक आवळलेल्या भागात पोहोचण्याच्या पुष्कळ आधी देतो.

येथेच वेगाची मर्यादाही ठरते. तुम्हाला जेवढा मोकळा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे. रस्ता इतका अरुंद असेल की दोन वाहनांना एकमेकांना चुकवताना अडचण व्हावी, तर त्याच्या निम्म्याच अंतरात. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेकिंगला आणखी सुमारे १४ मीटर धरले, तरी थांबायला अठ्ठावीस मीटर लागतात, आणि हे अंतर गाडी सरळ उभी असतानाचे आहे.

नजरेची सवय तपासण्यासाठी सोबत्याला मागून गाडी चालवायला सांगावे आणि तुमच्या हेल्मेटकडे लक्ष ठेवायला सांगावे. वळणात हेल्मेटची हनुवटी वळणाच्या आतल्या दिशेला फिरते की गाडीच्या पुढच्या चाकाच्या रेषेतच राहते, हे मागच्याला स्पष्ट दिसते. स्वतःला वाटते की आपण पुढे पाहत आहोत, पण प्रत्यक्षात डोळे कोपऱ्यातून वळलेले असतात आणि डोके सरळच असते. डोके फिरल्याशिवाय त्या बिंदूकडे सलग पाहता येत नाही. रस्त्यावरची वाळू किंवा तेलाचा डाग टिपायला नजर एखाद्या क्षणी खाली जाईल, ते आवश्यकच आहे; पण ती तिथे रेंगाळू नये, डाग टिपून परत वर जावी.

चौथी तपासणी: वळणात शिरतानाचा वेग

आता एक वळण आकड्यांत पाहू. हे वळण सुरुवातीला ३० मीटर त्रिज्येचे आहे आणि पुढे आवळून २४ मीटरचे होते. असे आवळणारे वळण या दोषाचे सर्वाधिक बळी घेते. किती झुकाव लागेल हे वेग आणि त्रिज्या या दोनच गोष्टींवरून ठरते, गाडीच्या वजनावरून नव्हे. चालक ताशी ६० किलोमीटरने येतो, थोडा उशिरा ब्रेक लावतो आणि पन्नासवर असताना ब्रेक एकदम सोडून गाडी झुकवतो. ३० मीटरच्या भागात त्याला सुमारे ३३ अंश झुकाव लागतो. तेवढा तो कसाबसा देतो. पुढे वळण आवळले की तोच वेग ठेवण्यासाठी ३९ अंश लागतात. टायरला रुंदी असल्यामुळे गाडी प्रत्यक्षात याहून काही अंश जास्तच झुकवावी लागते. अनेक साध्या गाड्यांचे फूटरेस्ट या सुमारास जमिनीला लागू लागतात आणि क्रूझर प्रकारच्या गाड्यांचे त्याच्या बरेच आधी. चालकाला ३५ अंशांची सवय नसते, मन आखडते, हात आखडतात आणि गाडी बाहेर जाते.

आता तोच चालक ब्रेक २० मीटर आधी लावतो. ६० वरून ४५ वर येण्यासाठी सौम्य ब्रेकिंगनेही साधारण वीस मीटर पुरतात. ४५ ला ३० मीटरच्या भागात २८ अंश लागतात. वेग तसाच राहिला तर आवळलेल्या भागात जवळपास ३४ अंश लागतील. पण त्या भागापर्यंत पोहोचताना वेग ४० वर आला असेल तर २४ मीटरच्या त्रिज्येलाही २८ अंशच पुरतात. म्हणजे वळण आवळले तरी झुकाव वाढवावाच लागला नाही.

झुकाव हा वेगाच्या निवडीचा परिणाम आहे. वेग दहा टक्क्यांनी कमी झाला की त्याच झुकावात त्रिज्या सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी होते, कारण येथे वेगाचा वर्ग मोजला जातो. म्हणूनच ताशी पाच किलोमीटरचा फरक वळणात एवढा मोठा वाटतो. पहिल्या चार तपासण्या नीट केल्यावर दोष गेला, तर येथेच थांबावे आणि काही महिने याच रीतीने गाडी चालवावी. पुढची तपासणी त्यानंतरची आहे.

पाचवी तपासणी: ब्रेक सोडण्याची पद्धत

वरच्या उदाहरणात ४५ वरून ४० वर येण्याचे काम गाडी झुकत असतानाच झाले. पुढचा ब्रेक वळणात शिरताना हळूहळू सोडत नेण्याच्या या पद्धतीला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. हे समजण्यासाठी आधी चुकीची पद्धत काय करते ते पाहू. सरळ रस्त्यावर ब्रेक लावला की वजन पुढे येते आणि पुढचे फोर्क दबतात. मग ब्रेक लिव्हर एकदम सोडला की फोर्क उसळून वर येतात, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो आणि नेमके त्याच क्षणी आपण त्या टायरला वळायला सांगतो. अशा वेळी गाडी वळायला आळस करते. लिव्हर हळूहळू सोडला तर फोर्क अर्धवट दबलेले राहतात, त्यामुळे पुढच्या चाकाची मांडणी थोडी उभी होते आणि गाडी चटकन वळते. टायरवर भारही टिकून राहतो.

टायरची पकड मर्यादित असते आणि ब्रेक व वळण यांना ती वाटून घ्यावी लागते. झुकाव वाढत जाईल तसा ब्रेकचा दाब कमी होत गेला पाहिजे, हा या पद्धतीचा एकमेव नियम. गाडी पूर्ण झुकते तेव्हा लिव्हरवर जवळपास फक्त बोटांचे वजनच राहिलेले असावे. पूर्ण झुकलेल्या गाडीवर नव्याने, झटक्याने ब्रेक दाबणे याला ट्रेल ब्रेकिंग म्हणत नाहीत. पुढचे चाक घसरण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

झुकलेली गाडी ब्रेकने उभी का राहते, याचेही कारण येथेच आहे. गाडी झुकते तेव्हा टायर जमिनीला टेकण्याची जागा हँडलच्या अक्षाच्या आतल्या बाजूला सरकते. ब्रेकचा जोर तिथून मागे खेचतो आणि हँडल वळणाच्या आत फिरवतो, त्यामुळे गाडी सरळ होऊ पाहते. यावर उपाय सोपा आहे: ब्रेक लागत असताना आतल्या हँडलवरचा दाब किंचित वाढवावा. हे माहीत नसलेला चालक उभ्या होणाऱ्या गाडीला घाबरून ब्रेक आणखी दाबतो आणि गाडी आणखी उभी होते.

सराव मोकळ्या, कोरड्या, वाहनरहित जागेत करावा. प्रथम सरळ रेषेत ताशी चाळीसवरून दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबावा. मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत दाब वाढवावा आणि ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणेपर्यंत तो सोडावा. सोडायला दाबण्याच्या दुप्पट वेळ लागला पाहिजे. फोर्क वर येताना आतून हलकेच सरकतात की धप्पकन उसळतात, ते पाहावे. हे जमल्यावर पंधरा-वीस मीटर त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळात तीस किलोमीटरच्या आतल्या वेगाने लिव्हरला फक्त स्पर्श ठेवून चालवावे, आणि त्यानंतरच ओळखीच्या वळणावर न्यावे. बोटांनी थ्रॉटल बंद आणि ब्रेक चालू यांतला सांधा झटका न देता साधला पाहिजे. रस्त्यावर वाळू, ओल, पाने किंवा रंगीत पट्टे असतील तर ट्रेल ब्रेकिंग करू नये. सगळा वेग वळणाआधी सरळ रेषेतच कमी करावा. अगदी संथ, घट्ट वळणात मागच्या ब्रेकचा हलका स्पर्श अधिक सोपा जातो.

एबीएसवर किती विसंबावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. साधी एबीएस यंत्रणा गाडी किती झुकली आहे हे जाणत नाही. झुकाव मोजून ब्रेकचा दाब सांभाळणारी यंत्रणा बॉशने २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर दिली आणि नंतर ती इतर अनेक गाड्यांवर आली. तुमच्या गाडीवर ती आहे की नाही हे पुस्तिकेत पाहावे. नसेल तर आहे असे समजून वळणात ब्रेक लावू नये.

केव्हा थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही लक्षणांवर सराव हा उपाय नाही. स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवल्यावर मध्यभागी खाच लागल्यासारखे अडखळत असेल, तर कोनसेट गेला आहे. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल, ब्रेक लिव्हर स्पंजसारखा मऊ लागत असेल, किंवा हातात ब्रेकचे थरथरणे जाणवत असेल, तर गाडी मेकॅनिककडे द्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत वळणांच्या रस्त्यावर नेऊ नये. अपघातानंतर हँडल किंवा फोर्क वाकला असण्याची शंका असेल तर हेच लागू होते. यांपैकी काहीही हाताने सारखे करण्याच्या भानगडीत पडू नये.

गाडीत दोष नसताना तीन प्रसंगी प्रशिक्षकाकडे जावे. पहिला, वेग कमी करूनही वळणात हात आखडणे थांबत नाही. दुसरा, गाडीचे पुढचे चाक एकदाही सरकले आणि त्यानंतर पुढचा ब्रेक लावायची भीती वाटते. तिसरा, दोष एकाच दिशेच्या वळणात राहतो आणि मनगट तपासूनही जात नाही. प्रशिक्षक शक्यतो बंद मैदानावर किंवा ट्रॅकवर शिकवणारा असावा. मेकॅनिक असो वा प्रशिक्षक, त्याला सांगण्यासाठी चार गोष्टी आधीच लिहून न्याव्यात: वळण कोणत्या दिशेचे होते, शिरताना वेग किती होता, त्या क्षणी ब्रेक लागलेला होता की सुटलेला, आणि टायरमध्ये सकाळी थंड असताना किती दाब होता.